बारा गुणिले अठरा इंचांचा फोटो आणि तीस गुणिले पंचेचाळीसची फ्रेम

ज्या फोटोबद्दल हे प्रकरण आहे तो एका कुटुंबाचा समूहफोटो होता. मागच्या ओळीत उभी असलेली माणसे, पुढे खुर्च्यांवर बसलेली वडीलधारी मंडळी आणि त्यांच्या पायांशी मुले, असा तो आडवा फोटो १२ गुणिले १८ इंच आकारात छापून घेतलेला होता. छापून आल्यावर घरातल्या वडिलांनी खालच्या कडेलगत प्रत्येकाच्या सरळ रेषेत त्याचे नाव पेनाने लिहिले होते. वडील आता हयात नाहीत, त्यामुळे फोटो पुन्हा छापता आला तरी ती अक्षरे पुन्हा मिळणार नव्हती. फ्रेम करताना नंतर जी अडचण आली तिचे निम्मे कारण या एका गोष्टीत होते.

त्यांच्या मुलीने फ्रेम आधीच विकत घेतली होती. फ्रेमच्या मागे ३० × ४५ सेंमी असे छापलेले होते. तिने हिशेब केला नव्हता असे नाही. एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर हे तिला ठाऊक होते, त्यामुळे बारा अडीचे तीस आणि अठरा अडीचे पंचेचाळीस असे उत्तर आले, आणि नेमके तेच दोन आकडे फ्रेमवर छापलेले होते. उत्तर आणि वस्तू इतकी तंतोतंत जुळल्यावर शंका घ्यायला जागा उरत नाही. शिवाय घरातल्या ४ गुणिले ६ इंचांच्या फोटोंना १० × १५ सेंमीच्या फ्रेम तिने पूर्वी अनेकदा बसवल्या होत्या आणि त्या वेळी काहीही अडले नव्हते. हा मोठा फोटो मात्र फ्रेममध्ये जाईना. थोडा दाबून बसवला तेव्हा त्याच्या मधोमध फुगवटा आला, म्हणून ती फोटो आणि फ्रेम दोन्ही घेऊन माझ्याकडे आली. मी फ्रेम बसवण्याचे काम करतो आणि हाच घोटाळा मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो एकदा नीट मांडून ठेवावा असे वाटले.

इंचाचे सेंटिमीटर करण्याचा गुणक २.५ नसून २.५४ आहे, आणि तो अंदाजे नाही, नेमका आहे. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी आपापल्या इंचांमधले सूक्ष्म फरक मिटवून एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर असे ठरवले. म्हणजे अडीचने गुणताना प्रत्येक इंचामागे ०.४ मिलिमीटर हिशेबातून गळतात. बोटभर लांबीत हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण तो लांबीबरोबर वाढत जातो आणि इथेच लहान फोटोंचा अनुभव माणसाला फसवतो. ४ इंचांत १.६ मिलिमीटर आणि ६ इंचांत २.४ मिलिमीटर गळतात. फ्रेमच्या मागच्या खाचेत काच आणि फोटो सहज उतरावेत म्हणून दोनेक मिलिमीटर जागा मोकळी ठेवलेली असते, ती जागा एवढी चूक बहुतेकदा पोटात घेते. फार तर कात्रीने एक बारीक पट्टी काढावी लागते आणि ती कोणाच्या लक्षातही राहत नाही. १२ इंचांत मात्र ४.८ मिलिमीटर आणि १८ इंचांत ७.२ मिलिमीटर गळतात. मोकळी जागा फ्रेमच्या आकारासोबत वाढत नाही, ती दोन मिलिमीटरच राहते. म्हणून जो हिशेब लहान फोटोला वर्षानुवर्षे चालला तो मोठ्या फोटोला एकदाही चालत नाही.

हे गणित झाले. हातातली वस्तू गणिताप्रमाणेच आहे हे गृहीत न धरता मी दोन्ही गोष्टी मोजल्या. फोटो मोजण्यासाठी स्टीलची पट्टी घ्यावी. शिवणकामाची कापडी टेप वापरून ताणली जाते आणि तिच्यावर मिलिमीटरचा भरवसा ठेवता येत नाही. पट्टीचे टोक झिजलेले असेल तर शून्याऐवजी १० सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजायला सुरुवात करावी आणि शेवटी दहा वजा करावेत. प्रत्येक बाजू एकदाच मोजून भागत नाही, कारण छापखान्यात कागद कापताना तो किंचित तिरका कापला गेलेला असू शकतो. या फोटोची उंची डाव्या कडेला ३०४.५ आणि उजव्या कडेला ३०५ मिलिमीटर भरली. फ्रेमसाठी नेहमी मोठा आकडा धरायचा. लांबी ४५७ मिलिमीटर होती. १२ आणि १८ इंचांचे नेमके रूपांतर ३०४.८ आणि ४५७.२ येते, त्यामुळे छपाई खरोखरच इंचांच्या मापात झाली होती हे स्पष्ट झाले. हे तपासणे आवश्यक होते, कारण काही ठिकाणी १२ गुणिले १८ म्हणून मागणी घेतात आणि प्रत्यक्षात कागद ३० × ४५ सेंटिमीटरचा देतात. तसे असते तर ही फ्रेम बरोबर बसली असती आणि दोष दुसरीकडे शोधावा लागला असता.

फ्रेम मोजताना आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. फ्रेमवर छापलेले माप बाहेरच्या कडांचे नसते आणि समोरून दिसणाऱ्या मोकळ्या भागाचेही नसते. फ्रेम उलटी केली की पट्टीच्या आतल्या बाजूला एक खाच दिसते, तिच्यात काच, फोटो आणि मागचा हार्डबोर्ड एकावर एक बसतात. छापलेले माप या खाचेत बसणाऱ्या काचेचे असते. या फ्रेमची काच ३०० × ४५० मिलिमीटर होती आणि खाच ३०२ × ४५२ मिलिमीटर. पट्टीची पुढची कड चारही बाजूंनी ५ मिलिमीटर आत आलेली होती, म्हणजे समोरून दिसणारा भाग २९२ × ४४२ मिलिमीटरच होता. ज्याचा फोटो ३० × ४५ सेंटिमीटरचा आहे त्यालाही या फ्रेममध्ये प्रत्येक कडेचे काही मिलिमीटर दिसणार नाहीत. फोटोत कडेपर्यंत आकाश किंवा भिंत असेल तर ते कोणाला जाणवत नाही. इथे मात्र खालच्या कडेला अक्षरे होती.

आता फुगवट्याबद्दल. खाचेपेक्षा फोटो उंचीला ३ आणि लांबीला ५ मिलिमीटर जास्त होता. जवळजवळ अर्ध्या मीटरच्या कागदात पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, ते कुठेतरी सामावले जातील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कागद आकसत नाही, तो वाकतो, आणि थोडी जास्तीची लांबी फार मोठा वाक देते. ४५२ मिलिमीटरच्या अंतरात ४५७ मिलिमीटरचा कागद एका कमानीसारखा वाकला तर कमानीचा मध्य जवळजवळ ३ सेंटिमीटर वर उचलला जातो. लांबी केवळ एक मिलिमीटरने जास्त असली तरी मध्य सुमारे १३ मिलिमीटर वर येतो. म्हणूनच खाचेत मोकळी जागा ठेवलेली असते आणि ती भरून काढायची नसते. फ्रेममध्ये पुढे काच आणि मागे हार्डबोर्ड असल्यामुळे कागदाला तीन सेंटिमीटर उचलायला वाव मिळत नाही, तेव्हा तो एका मोठ्या कमानीऐवजी अनेक लहान लाटांमध्ये दुमडतो. लाटांचे माथे काचेला टेकतात. हवेत दमटपणा असेल तर फोटोचा चकचकीत पृष्ठभाग नेमका तिथेच काचेला चिकटू लागतो, आणि काही वर्षांनी फोटो सोडवताना रंगाचा पापुद्रा काचेवर राहतो.

हे बाहेरून ओळखता येते. फ्रेम खिडकीसमोर तिरकी धरून प्रकाशाचे प्रतिबिंब फोटोच्या पृष्ठभागावरून फिरवावे. फोटो सपाट असेल तर प्रतिबिंबाची कड सरळ सरकते, ताणात असेल तर ती नागमोडी होते. काचेला टेकलेला भाग ओल्या डागासारखा गडद आणि चकचकीत दिसतो. या फोटोत असे दोन डाग दिसायला लागले होते, एक मागच्या ओळीतल्या डोक्यांजवळ आणि एक खालच्या नावांवर. मी फोटो लगेच बाहेर काढला. तो दोनच दिवस आत होता, म्हणून काही चिकटले नव्हते.

फ्रेम घेतलीच आहे तर फोटो थोडा कापावा, हा विचार तिने स्वतःच मांडला आणि तो वावगा नव्हता. डाव्या-उजव्या बाजूंना रिकामी भिंत होती, तिथून मिळून ७ मिलिमीटर काढले असते तर काही बिघडले नसते. प्रश्न उंचीचा होता. ३०५ चे ३०० करायचे म्हणजे ५ मिलिमीटर कापायचे. अक्षरांचा खालचा भाग फोटोच्या खालच्या कडेपासून ८ मिलिमीटरवर होता आणि सर्वांत उंच माणसाचे डोके वरच्या कडेपासून ६ मिलिमीटरवर. दोन्हीकडून अडीच-अडीच मिलिमीटर कापले तर अक्षरे कडेपासून साडेपाच मिलिमीटरवर येतात. फोटो आपल्या वजनाने खाचेच्या तळाशी टेकतो, तिथे पट्टीची कड ५ मिलिमीटर झाकते, म्हणून अक्षरे आणि पट्टी यांच्यामध्ये अर्धा मिलिमीटर उरतो. वर डोके साडेतीन मिलिमीटरवर येते. तिथे दोन मिलिमीटर मोकळी जागा असल्यामुळे पट्टी फोटोचा ३ मिलिमीटर भाग झाकते आणि पुन्हा अर्धाच मिलिमीटर उरतो. म्हणजे कागदावर हिशेब जुळतो. पण हाताने, पट्टी आणि कटर घेऊन, तीनशे मिलिमीटरमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आत अचूक राहून कापण्याची खात्री मी देऊ शकत नाही. आणि ती साधली तरी डोके फ्रेमला घासते आहे आणि नावे पट्टीखालून डोकावत आहेत असेच दिसले असते. ज्या फोटोची दुसरी प्रत निघू शकत नाही तो कापायचा नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले.

वडिलांची अक्षरे नसती तर एक सोपा मार्ग होता, आणि तो इथे वापरता आला नाही तरी सांगण्यासारखा आहे. १२ गुणिले १८ आणि ३० गुणिले ४५ या दोन्ही मापांत उंची आणि लांबी यांचे प्रमाण २:३ असे सारखेच आहे. त्यामुळे मूळ फाइलवरून ३० × ४५ सेंटिमीटरच्या कागदावर फोटो पुन्हा छापला तर तो दीडेक टक्क्याने लहान होतो, पण कुठूनही कापला जात नाही. ही सोय प्रत्येक मापाला मिळत नाही. ८ गुणिले १० इंचांचा फोटो २० × ३० सेंटिमीटरवर छापायला दिला तर प्रमाणच बदलते आणि फोटोचा मोठा भाग कापला तरी जातो किंवा बाजूला पांढऱ्या पट्ट्या तरी येतात. म्हणून पुन्हा छापण्याआधी नुसते सेंटिमीटर न पाहता प्रमाण तपासावे.

उरला मार्ग तो माउंटचा. फोटोपेक्षा बरीच मोठी फ्रेम घ्यायची, तिच्या मापाचा जाड माउंट बोर्ड कापायचा आणि त्यात फोटोपेक्षा किंचित लहान खिडकी कापून फोटो तिच्या मागे लावायचा. यात फोटो फ्रेमच्या खाचेला टेकत नाही, त्यामुळे इंच आणि सेंटिमीटर यांतला फरक खाचेऐवजी माउंटच्या रुंदीत सामावतो, आणि काच व फोटो यांच्यामध्ये बोर्डाच्या जाडीएवढी हवा राहते. खिडकी साधारणपणे फोटोपेक्षा प्रत्येक बाजूने ५ मिलिमीटर लहान ठेवतात. इथे वर डोके ६ मिलिमीटरवरच होते, म्हणून वर आणि खाली मी ३ मिलिमीटरच झाकायचे ठरवले आणि बाजूंना नेहमीचे ५ ठेवले. खिडकी २९९ × ४४७ मिलिमीटरची झाली. डोक्यावर ३ आणि अक्षरांखाली ५ मिलिमीटर जागा दिसणार होती. तीनपेक्षा कमी मी कधी झाकत नाही, कारण कागद हवेप्रमाणे थोडा वाढतो-घटतो आणि खिडकीची कड सुटली तर मागचा बोर्ड दिसू लागतो.

रूपांतर करताना येणारे दशांश कोणत्या बाजूला न्यायचे हे या सगळ्यात ठरवावे लागते, आणि शाळेतला नियम इथे उपयोगी पडत नाही. ३०.४८ ला जवळचा पूर्ण आकडा ३० आहे, पण फ्रेमसाठी तो चुकीचा आहे. फोटो ज्यात बसवायचा त्याचे माप नेहमी वरच्या बाजूला न्यावे, म्हणजे ३०.५ आणि त्यावर दोन मिलिमीटर मोकळीक. फोटो ज्याने झाकायचा, म्हणजे माउंटची खिडकी, तिचे माप नेहमी खालच्या बाजूला न्यावे. एकच संख्या एका कामासाठी वाढवायची आणि दुसऱ्यासाठी घटवायची, हे नवख्याला विचित्र वाटते, पण एकदा फोटो हातात धरून पाहिला की त्याचे कारण आपोआप कळते.

मग फ्रेमचे माप निवडायचे होते. ४० × ५० सेंमीची फ्रेम सहज मिळते, पण तिच्यात माउंट वर-खाली ५०.५ मिलिमीटर आणि बाजूंना २६.५ मिलिमीटर उरतो. आडव्या फोटोला बाजूंनी अशी अरुंद पट्टी आली की फोटो दोन्हीकडून आवळल्यासारखा दिसतो. ४० × ६० मध्ये उलट होते, बाजूंना ७६.५ आणि वर-खाली ५०.५. ते वाईट दिसत नाही, पण समूहफोटोला चारही बाजूंनी सारखी मोकळीक जास्त शोभते असे मला वाटते. खिडकीची लांबी उंचीपेक्षा १४८ मिलिमीटरने जास्त आहे, म्हणून ज्या फ्रेमची लांबी उंचीपेक्षा सुमारे १५ सेंटिमीटरने जास्त असेल तीच सारखी कड देईल. ४५ × ६० सेंमी हे माप त्यात नेमके बसते. वर-खाली ७५.५ आणि बाजूंना ७६.५ मिलिमीटर, म्हणजे डोळ्यांना फरक कळणारच नाही.

ती ४५ × ६० लिहिलेली फ्रेम घेऊन आली आणि माउंट कापायला बसण्याआधी मी काच मोजली. ती ४५७ × ६०९ मिलिमीटर भरली. फ्रेम मुळात १८ गुणिले २४ इंचांची होती आणि कोणीतरी तिच्यावर सेंटिमीटरचे माप चिकटवताना तेच अडीचचे गणित केले होते. पहिल्या वेळी चुकीने फ्रेम लहान ठरली होती, या वेळी त्याच चुकीने ती लेबलापेक्षा मोठी निघाली. मोठी निघाली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. खाच ४५९ × ६११ मिलिमीटर होती. लेबलावर विसंबून ४५० × ६०० चा माउंट कापला असता तर तो खाचेच्या तळाशी बसून वर ९ मिलिमीटर मोकळे राहिले असते. पट्टीची कड ५ मिलिमीटर झाकते, म्हणजे माउंटच्या वर ४ मिलिमीटरची फट समोरून दिसली असती. बाजूने माउंट एकीकडे सरकला असता तर दुसरीकडे ६ मिलिमीटरची फट पडली असती.

मी माउंट काचेच्या मापाने, म्हणजे ४५७ × ६०९ मिलिमीटर कापला. खिडकी तीच ठेवली, त्यामुळे कड वर-खाली ७९ आणि बाजूंना ८१ मिलिमीटर झाली. फोटो मागच्या बोर्डावर सर्वत्र गोंद लावून चिकटवला नाही. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन लहान पट्ट्यांनी त्याला टांगले, म्हणजे हवेतल्या बदलांनी तो वाढला-घटला तरी खाली मोकळा राहील आणि लाटा येणार नाहीत. खिडकीच्या मागे फोटो बसवताना आधी खालची कड जुळवली, कारण अक्षरांखालचे ५ मिलिमीटर सर्व नावांच्या रांगेत सारखे दिसायला हवे होते. फोटो डावीकडे अर्धा मिलिमीटर आखूड होता, तो फरक वरच्या कडेला भिंतीच्या भागात गेला.

फ्रेम बंद करण्याआधी मागच्या हार्डबोर्डवर पेन्सिलीने काच, माउंट आणि खिडकी यांची मापे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवली आणि जुने ४५ × ६० चे लेबल काढून टाकले. पहिली ३० × ४५ ची फ्रेम तिने परत केली नाही. त्याच समारंभात काढलेला दुसरा एक फोटो, ज्यावर काहीही लिहिलेले नाही, तो मूळ फाइलवरून ३० × ४५ सेंटिमीटरमध्ये छापून ती त्या फ्रेममध्ये बसवणार आहे.